इंडेक्स टूमधला घरचा पत्ता

जुना फ्लॅट किंवा जमीन विकत घ्यायची ठरली की वकील सर्वात आधी 'सर्च' काढायला सांगतात. दुय्यम निबंधक कार्यालयातल्या साधारण तीस वर्षांच्या नोंदी चाळायच्या, या मिळकतीबाबत कुणी कुणाला काय लिहून दिले ते पाहायचे, आणि एखादे गहाणखत, बक्षीसपत्र किंवा जुने साठेखत मध्येच दडलेले नाही याची खात्री करायची. या शोधात हाती येणारा मुख्य कागद म्हणजे सूची क्रमांक दोन. बोलण्यात सगळे त्याला 'इंडेक्स टू' म्हणतात. एका पानाच्या या उताऱ्यावर दस्ताचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, मिळकतीचे वर्णन, क्षेत्रफळ, तारखा आणि मुद्रांक शुल्क अशी माहिती ओळीने दिलेली असते. सातव्या रकान्यात दस्त करून देणाऱ्याचे नाव व पत्ता असतो, आठव्यात करून घेणाऱ्याचे नाव व पत्ता.

हे दोन रकाने नीट वाचले पाहिजेत. तिथे पक्षकाराचे नाव, वय, तो राहतो त्या घराचा ब्लॉक नंबर, मजला, इमारतीचे नाव, रस्ता आणि पिन कोड लिहिलेला असतो. पुष्कळ उताऱ्यांवर पॅन क्रमांकही दिसतो. विकल्या जाणाऱ्या मिळकतीचा पत्ता चौथ्या रकान्यात आधीच येऊन गेलेला असतो. सातव्या-आठव्या रकान्यातला पत्ता माणसाचा असतो, दस्त झाला त्या दिवशी तो जिथे राहत होता तिथला.

ही माहिती सरकारने निष्काळजीपणाने बाहेर ठेवली आहे असे नाही. ती उघडी असावी असे कायदाच सांगतो. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाच्या कलम ५७ प्रमाणे, स्थावर मिळकतीचे दस्त ज्या पहिल्या पुस्तकात नोंदले जातात ते पुस्तक आणि त्याची सूची, फी भरून अर्ज करणाऱ्या कोणालाही पाहता येते. अर्जदाराचा त्या मिळकतीशी संबंध असलाच पाहिजे अशी अट नाही. याचे कारण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या तिसऱ्या कलमात सापडते. मिळकतीवर आधीच नोंदलेला दस्त असेल, तर तो पुढच्या खरेदीदाराला माहीत होता असे कायदा गृहीत धरतो. 'मला कल्पना नव्हती' ही सबब चालत नाही. जे माहीत असल्याचे गृहीत धरायचे ते पाहायची सोयही सर्वांना द्यावी लागते. मृत्युपत्रे आणि इतर किरकोळ दस्त ज्या पुस्तकांत जातात, त्यांच्या नकला मात्र अशा कुणालाही मिळत नाहीत. मृत्युपत्राची नक्कल ते करणारा हयात असेपर्यंत फक्त त्यालाच मिळते. म्हणजे काय उघडे ठेवायचे आणि काय झाकायचे याचा विचार १९०८ सालीही झाला होता.

मग राहण्याचा पत्ता कशासाठी? त्याच कायद्याच्या व्याख्यांमध्ये पक्षकाराच्या नावासोबत त्याचे राहण्याचे ठिकाण, व्यवसाय आणि वडिलांचे किंवा आईचे नाव नोंदवण्याची तरतूद आहे. एका तालुक्यात एकाच नावाचे चार जण सापडत. त्यांतला नेमका कोणता माणूस जमीन विकतो आहे हे ठरवायला 'राहणार अमुक गाव' एवढे पुरत असे. पत्ता हे तेव्हाचे ओळखपत्र होते. आज ओळख पटवायला पॅन, आधार, छायाचित्र, अंगठ्याचा ठसा सगळे दस्तासोबत असते, तरी पत्ता सूचीत तसाच राहिला आहे.

पूर्वी ही सूची पाहायची तर कार्यालयात जावे लागे, अर्ज लिहावा लागे, फी भरून पावती घ्यावी लागे आणि कारकुनासमोर बसून जाडजूड वह्या उलटाव्या लागत. कोण काय पाहून गेले याचा कागद मागे राहत असे. आज नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकतीचा क्रमांक भरला की सूची पडद्यावर येते. घर घेणाऱ्या सामान्य माणसाची यामुळे फार मोठी सोय झाली आहे. एजंटाने सांगितलेला भाव खरा की फुगवलेला, हे शेजारच्या फ्लॅटच्या नोंदीवरून घरबसल्या ताडता येते. एकच फ्लॅट दोघांना विकण्याचे प्रकार उघडकीला येतात. ही सोय बंद व्हावी असे मी अजिबात म्हणणार नाही.

या शोधाची एक रचना मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. मोफत शोध मिळकतीच्या क्रमांकापासून सुरू होतो आणि नावापर्यंत पोहोचतो. म्हणजे एखादे घर तुम्हाला माहीत असेल तर ते कुणाचे हे कळते. एखादा माणूस माहीत असेल आणि तो कुठे राहतो हे हवे असेल, तर ही वाट त्या दिशेने जात नाही. साताबाऱ्यावर याच्या उलट सोय आहे: गाव माहीत असेल तर नावावरून शोधता येते, पण तिथे खातेदाराचे नाव, क्षेत्र, पीक आणि बोजा एवढेच असते, घराचा पत्ता नसतो. दोन्ही ठिकाणी एक एक बाजू झाकलेली राहते. वाचणाऱ्याच्या हाती दोन्ही बाजू एकदम पडल्या की धोका सुरू होतो.

तो कसा, हे एका रचलेल्या उदाहरणावरून पाहू. व्यक्ती काल्पनिक आहेत, पण यातली प्रत्येक पायरी रोजच्या व्यवहारातली आहे. ठाण्यात एका बाईंच्या नावावर वडिलांनी दिलेला फ्लॅट आहे. लग्नानंतर दोघे नवरा-बायको तिथेच राहत होते. मारहाण वाढत गेली तेव्हा त्या घर सोडून नाशिकला गेल्या आणि तिथे भाड्याच्या घरात राहून नोकरी करू लागल्या. आपण कुठे आहोत हे त्यांनी सासरच्या कुणालाही सांगितलेले नाही.

पहिला कागद तयार होतो तो भाडेकराराचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असावा लागतो आणि त्याची नोंदणीही व्हावी लागते. ती जबाबदारी घरमालकाची असते. त्या कराराचाही इंडेक्स टू निघतो. पण नवऱ्याला नाशिकमधली इमारतच माहीत नाही, त्यामुळे मिळकतीवरून शोध घेण्याची ती वाट त्याच्यासाठी बंद राहते. इथे रचनेने बाईंना वाचवले.

वर्षभराने त्या ठाण्याचा फ्लॅट एका अनोळखी कुटुंबाला विकतात. नवरा या व्यवहारात पक्षकार नाही. पण तो फ्लॅट त्याला पाठ आहे: इमारत, मजला, क्रमांक, सगळे. विक्रीचा दस्त नोंदला जातो आणि सातव्या रकान्यात, दस्त करून देणाऱ्याच्या नावापुढे, बाईंचा सध्याचा पत्ता छापला जातो. नाशिकचा. जी नोंद 'हा फ्लॅट आता कुणाचा' हे सांगण्यासाठी होती, ती 'ही बाई आता कुठे' हेही सांगून जाते. खरेदीदाराला, बँकेला किंवा पुढच्या सर्च घेणाऱ्या वकिलाला नाशिकच्या त्या घराशी काही कर्तव्य नाही. तरी ते तिथे आहे.

बाईंनी काय करावे? दस्ताचा मसुदा होण्याआधी, सही करताना नव्हे, वकिलांना परिस्थिती स्पष्ट सांगावी. माहेरचे घर हेच खरोखर कायमचे वास्तव्य असेल तर तो पत्ता देता येतो. खोटा पत्ता मात्र देऊ नये. नोंदणी अधिकाऱ्यापुढे जाणूनबुजून खोटे विधान करणे हा कलम ८२ खाली गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दुसरे, कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १८ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांकडून संरक्षण आदेश घेता येतो. त्यात नवऱ्याने नोकरीच्या ठिकाणी येऊ नये, फोन, पत्र, भेट कोणत्याही मार्गाने संपर्क साधू नये, असे बजावता येते. त्याचा भंग हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. याच कायद्याखालच्या २००६ च्या नियमांनुसार, बाईने सांगितले तर निवारागृहाने ती तिथे असल्याचे नवऱ्याला कळवायचे नसते. कायद्याला पत्त्याचे मोल कळते, हे या एका नियमावरून दिसते. नोंदणीच्या सूचीपर्यंत ती समज पोहोचलेली नाही.

आता शोधणाऱ्याकडे वळू. एखाद्याचा पत्ता सार्वजनिक नोंदीत पाहणे हा भारतात गुन्हा आहे का? नाही. कुणाचा पत्ता शोधून जाहीर करणे याला थेट लागू होणारा वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. १९९४ साली आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाचा हक्क मान्य केला, पण सोबत म्हटले की जी गोष्ट सार्वजनिक नोंदीचा भाग झाली तिच्यावर हा हक्क सांगता येत नाही. त्याला न्यायालयाने एक अपवाद ठेवला: लैंगिक अत्याचार, अपहरण अशा गुन्ह्यांतल्या पीडित स्त्रीची ओळख. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली, बलात्कारासारख्या गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख पटेल असे काहीही छापणे दंडनीय आहे. घराचा पत्ता अर्थातच त्यात येतो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी निकालात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर पुष्कळांची समजूत झाली की २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आता आपला पत्ता सुरक्षित झाला. हा कायदा वाचताना कलम ३ जवळ थांबावे लागते. माणसाने स्वतःहून जाहीर केलेली, किंवा कायद्याने जाहीर करणे भाग असल्यामुळे जाहीर झालेली वैयक्तिक माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. इंडेक्स टू, मतदारयादी, विवाहाची नोटीस यांचे बहुतेक सगळे रूप कायद्यानेच उघडे आहे. म्हणजे ज्या नोंदींतून पत्ता बाहेर पडतो, तिथेच हा कायदा हात आखडता घेतो. दुसऱ्या टोकाला, याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यातले कलम ८(१)(ञ) बदलले आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू झाला. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का हे त्याच पोटकलमात तपासावे लागे. आता ते शब्द गेले आणि व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची वाट कलम ८(२) मध्ये तेवढी उरली. अधिकाऱ्याच्या कारभाराबद्दल अर्ज करणाऱ्या नागरिकाला 'वैयक्तिक माहिती' म्हणून उत्तर नाकारणे सोपे झाले आणि घर सोडून गेलेल्या बाईचा पत्ता मात्र होता तिथेच राहिला. माझ्या मते ही वाटणी चुकीची आहे.

गुन्हा सुरू होतो तो पत्ता मिळाल्यानंतरच्या वागण्यातून. न्याय संहितेचे कलम ७८ पाठलागाबद्दल आहे. स्त्रीने नको असल्याचे स्पष्ट दाखवूनही पुरुष तिच्यामागे जात राहिला, वारंवार संपर्क साधत राहिला, किंवा तिच्या इंटरनेट वापरावर नजर ठेवू लागला, तर पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पहिला गुन्हा जामीनपात्र आहे, पुढचा नाही. या कलमात पीडित फक्त स्त्री धरली आहे. पुरुषाचा पाठलाग झाला तर धमकी, अतिक्रमण अशी इतर कलमे शोधावी लागतात. पत्ता विकत घेणे हाही सरळ गुन्ह्याकडे जाणारा रस्ता आहे. २०१८ साली ठाणे पोलिसांनी लोकांच्या फोनच्या कॉल नोंदी बेकायदा मिळवून विकणारी टोळी पकडली, तेव्हा त्यात खासगी गुप्तहेरांनाही अटक झाली होती. फोन कोणत्या टॉवरच्या परिसरात असतो हे कळले की घराचा अंदाज येतो. गुप्तहेर संस्थांवर नियंत्रण आणणारे एक विधेयक २००७ साली संसदेत मांडले गेले होते. त्याचा कायदा झाला नाही.

गुप्तहेर आणि सरकारी नोंद यांची सांगड पडली की काय होते, याचा सर्वात परिचित दाखला अमेरिकेतला आहे. जुलै १९८९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रिबेका शेफर या एकवीस वर्षांच्या अभिनेत्रीचा तिच्याच दारात गोळी घालून खून झाला. खुनी तिचा पछाडलेला चाहता होता. त्याने एका गुप्तहेर संस्थेला पैसे दिले आणि त्या संस्थेने कॅलिफोर्नियाच्या वाहन विभागाच्या नोंदींतून तिचा घरचा पत्ता काढून दिला. त्या काळी तसे करायला फारशी अडकाठी नव्हती. पुढे १९९४ साली अमेरिकी संसदेने वाहनचालकांच्या नोंदींसाठी कायदा केला. त्याने नोंदी सरसकट बंद केल्या नाहीत. विमा, न्यायालयीन काम, वाहन परत बोलावणे अशी ठरावीक कारणे लिहून दिली आणि त्या कारणाशिवाय पत्ता देऊ नये असे सांगितले. पाहणारा कोण आणि कशासाठी, हा प्रश्न नोंदीच्या दारात उभा केला.

आपल्याकडे असा विचार एका ठिकाणी नीट झालेला दिसतो: मतदारयादीत. यादी सगळ्यांना पाहता आलीच पाहिजे, नाहीतर बोगस नावे कोण शोधणार? तिच्यात नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय, लिंग आणि घर क्रमांक असतो. निवडणूक आयोगाने २०१८ च्या सुरुवातीला संकेतस्थळावरच्या याद्या अक्षररूपात न ठेवता चित्ररूपात ठेवायला सुरुवात केली. डोळ्यांनी वाचता येतात, पण एका नावावर बोट ठेवून संगणकाने लाखो पाने क्षणात चाळणे अवघड होते. याविरुद्ध काँग्रेस नेते कमलनाथ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. २०२५ मध्ये याद्यांच्या अचूकतेवरून देशभर वाद झाला तेव्हा हाच मुद्दा पुन्हा वर आला. दुबार नावे पकडायला शोधता येणारी यादी लागते, हे म्हणणे खोटे नाही. पण त्यासाठी नाव, वय आणि ओळखपत्राचा क्रमांक जुळवावा लागतो. प्रत्येकाचा घर क्रमांक नावावरून कुणालाही शोधता यावा, ही वेगळी गोष्ट आहे आणि ती मागताना तिचे कारण वेगळे द्यावे लागेल.

विशेष विवाह कायद्यात पत्ता उघड करण्याचे ओझे ज्यांच्यावर पडते, ते बहुधा सर्वात जास्त धोक्यातले लोक असतात. १९५४ च्या या कायद्याखाली, म्हणजे लोक ज्याला 'रजिस्टर लग्न' म्हणतात त्यासाठी, वधू-वरांना विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. तिच्या ठरलेल्या नमुन्यात नाव, वय, व्यवसाय यांसोबत दोघांचे राहण्याचे ठिकाण आणि ते कायमचे नसेल तर कायमचा पत्ताही असतो. कलम ६ प्रमाणे ही नोटीस वहीत लिहिली जाते, ती वही कोणालाही विनाशुल्क पाहता येते, आणि नोटिशीची प्रत कार्यालयात ठळक जागी लावली जाते. एकाचे कायमचे घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर प्रत तिथल्या कार्यालयातही लागते. तीस दिवस. हेतू एवढाच की कुणी आधीच विवाहित आहे, वय कमी आहे किंवा निषिद्ध नात्यातले आहेत अशी हरकत असेल तर ती पुढे यावी.

वेगळ्या जातीत किंवा धर्मात, घरच्यांच्या विरोधात लग्न करणाऱ्या जोडप्यासाठी या तीस दिवसांचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगायला नको. मुलीच्या गावच्या तालुक्याच्या ठिकाणी तिच्या लग्नाची बातमी भिंतीवर लागते आणि सोबत मुलाचा पत्ता. शक्ती वाहिनी खटल्यात मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवास असावेत असे आदेश दिले. एक सरकारी खाते जोडप्याला लपवून ठेवते, दुसरे त्यांचा पत्ता भिंतीला लावते.

न्यायालयांनी यात काही ठिकाणी वाट काढली आहे. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने या लग्नाची नोटीस घरच्या पत्त्यावर पाठवण्याची पद्धत थांबवली. केरळ सरकारने २०२० मध्ये या नोटिसा संकेतस्थळावर टाकणे बंद केले, कारण त्या तिथून उचलून धर्मद्वेष पसरवणाऱ्या संदेशांसोबत फिरवल्या जात होत्या. कार्यालयातल्या फलकावर त्या लागतच राहिल्या. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने एक पाऊल पुढे जाऊन म्हटले की नोटीस जाहीर करायची की नाही हे जोडप्याने लेखी सांगावे; त्यांनी मागणी केली नाही तर अधिकाऱ्याने ती जाहीर करू नये. कलम ६ मात्र पुस्तकात तसेच आहे. केरळचा निर्णय मला सर्वात शिकवणारा वाटतो, कारण त्यात कायद्याचा एक शब्दही बदलला नाही. नोंद कुठे ठेवायची, एवढेच बदलले.

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच एका निकालात हा मुद्दा मांडला होता. माणसाच्या जुन्या गुन्ह्यांच्या नोंदी वेगवेगळ्या न्यायालयांत सुट्या पडलेल्या असणे आणि त्या सगळ्या एकत्र करून एका कागदावर देणे या दोन गोष्टी न्यायालयाने वेगळ्या मानल्या. प्रत्येक सुटी नोंद सार्वजनिक असली तरी एकत्र केलेल्या कागदातला खासगीपणा त्याने जपला. आपल्याकडे काही व्यावसायिक सेवा नोंदणीचे उतारे गोळा करून त्यांची नावावरून शोधता येईल अशी मांडणी करतात. नटनट्यांनी कुठल्या मजल्यावर किती कोटींना घर घेतले या बातम्या अशाच उताऱ्यांतून येतात. सूचीने झाकलेली बाजू अशा मांडणीने उघडी पडते. नट आपल्या दारावर रखवालदार ठेवू शकतो. नाशिकच्या भाड्याच्या घरातल्या बाईंना ते शक्य नाही.

खरे कारण असलेल्या माणसाने काय करावे, हेही सांगायला हवे. उसने पैसे घेऊन कुणी घर बदलून गेले, वारसाच्या सहीसाठी चुलत भाऊ सापडत नाही, भाडेकरूविरुद्ध दावा लावायचा आहे, अशा वेळी पत्ता हवाच असतो असे लोकांना वाटते. बहुतेक वेळा तो लागत नाही. शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर नोंदणी पोचेची नोटीस पाठवावी. ती परत आली तर दावा दाखल करून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ नियम २० खाली न्यायालयाची परवानगी मागावी. मग समन्स शेवटच्या घराच्या दारावर लावून किंवा वर्तमानपत्रात छापून बजावता येते, आणि ते प्रत्यक्ष हातात दिल्याइतकेच ग्राह्य धरले जाते. मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवरच्या कितीतरी जाहीर नोटिसा याच वाटेने आलेल्या असतात. या मार्गाने हक्क मिळतो आणि समोरच्याचे दार कुठे आहे हे तुम्हाला कळण्याची गरजही पडत नाही.

जुना मित्र, शाळेतल्या बाई, तुटलेले नाते यांच्यासाठी मी एकच कसोटी मानतो. दोघांना ओळखणाऱ्या कुणाकडे आपला फोन क्रमांक द्यावा आणि थांबावे. उत्तर आले नाही तर ते उत्तरच असते. सोसायटीच्या रखवालदाराला 'मामा आहे' सांगून मजला विचारणे, कुरिअरचा माणूस आहे असे भासवून फोन करणे, गटावर 'यांचा पत्ता कुणाकडे आहे का' असे टाकणे, यांतले काहीही त्या माणसाच्या संमतीशिवाय करू नये. असे विचारणाऱ्याला सांगूही नये. पत्ता विचारणारा नवरा स्वतःला नवरा म्हणूनच ओळख देतो, आणि शेजारी मदत म्हणून सांगून टाकतात.

राज्य सरकारने करण्यासारखी गोष्ट छोटी आहे आणि तिच्यासाठी संसदेकडे जायला नको. संकेतस्थळावरच्या इंडेक्स टूमध्ये सातव्या आणि आठव्या रकान्यात नाव, वय आणि गाव किंवा शहर एवढेच दिसावे. पूर्ण पत्ता आणि पॅन फक्त प्रमाणित प्रतीत असावेत, आणि ती प्रत मागणाऱ्याने स्वतःचे नाव व कारण लिहून द्यावे. कलम ५७ चा अर्ज पूर्वी तसाच होता. सर्च काढणाऱ्या वकिलाचे यात काहीही अडणार नाही, कारण त्याला मिळकतीची साखळी हवी असते, विकणाऱ्याचे नवे घर नको असते. आणि वाचकहो, तुमचा पुढचा दस्त होईल तेव्हा सही करण्याआधी आपल्या नावापुढचा पत्ता एकदा वाचा. तो आयुष्यभर तिथे राहणार आहे.